सी-१८ कॉलमच्या प्लेट काउंटबद्दल आलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

★☆☆☆☆ «सर्टिफिकेटवर प्लेट काउंट १२,४०० छापलाय. आमच्याकडे मुख्य पीकला जेमतेम ३,५७० आला, २.४० मिनिटांच्या पीकला तर २,३७०. मुख्य पीकचं लगतच्या अशुद्धीपासून रिझोल्युशन ०.९४, आमच्या मेथडला २.० लागतं. रिपोर्ट आणि जोडणीचे फोटो टाकलेत. जुना कॉलम नवा म्हणून विकता का? पैसे परत करा.»

नमस्कार. फोटो टाकलेत हे फार बरं झालं, नाहीतर नुसत्या आकड्यांवरून भांडण चाललं असतं. कॉलम नवाच आहे. पण ते तुम्ही माझ्या शब्दावर मानू नका, तुमच्याच रिपोर्टवरून बघू.

रिपोर्टमधले दोन पीक घेतो: अशुद्धी ६.२० मिनिटांना, रुंदी ०.२४, मुख्य पीक ६.६० मिनिटांना, रुंदी ०.२६. क्रोमॅटोग्राममध्ये या दोन पीकांच्या मधली दरी थेट बेसलाइनला टेकलेली दिसते. रिझोल्युशन खरोखर ०.९४ असतं तर ती तशी टेकली नसती. जवळपास सारख्या उंचीचे दोन पीक एवढे जवळ असले की मधली दरी बेसलाइनच्या वरच अडकते आणि दोघांचे पायथे एकमेकांत शिरलेले दिसतात. म्हणजे चित्र एक सांगतंय आणि आकडा दुसरंच. अशा वेळी मी आधी आकड्यावर शंका घेतो.

प्लेट काउंटची दोन सूत्रं चालतात:

```
N = 16   × (tR / W)²      W: पायथ्याची रुंदी
N = 5.54 × (tR / Wh)²     Wh: अर्ध्या उंचीवरची रुंदी
```

पायथ्याची रुंदी म्हणजे पीकच्या दोन्ही उतारांना स्पर्शिका काढून त्या बेसलाइनला जिथे मिळतात त्यामधलं अंतर. नीट आकाराच्या पीकमध्ये ती अर्ध्या उंचीवरच्या रुंदीच्या १.७ पट असते. म्हणून योग्य रुंदी योग्य सूत्रात घातली की दोन्हीकडून उत्तर एकच येतं. तुमच्या रिपोर्टमध्ये रुंदीचे दोन्ही रकाने आहेत, आणि ०.२६ हा आकडा पायथ्याच्या रकान्यातला आहे. तो ५.५४ च्या सूत्रात घातला की बरोबर ३,५७० येतं. १६ च्या सूत्रात घाला: ६.६० भागिले ०.२६ म्हणजे २५.३८, त्याचा वर्ग ६४४, गुणिले १६, म्हणजे सुमारे १०,३००. पडताळायचं असेल तर शेजारच्या रकान्यातला ०.१५३ घ्या आणि ५.५४ ने करा. तिथेही १०,३०० च मिळेल.

रिझोल्युशनचंही तेच. अर्ध्या उंचीच्या रुंदीसाठी गुणक १.१८ आहे, पायथ्याच्या रुंदीसाठी २. दोन पीकांमधलं अंतर ०.४०, रुंदीची बेरीज ०.५०, २ ने गुणलं की १.६०. दरी बेसलाइनला का टेकली ते आता जुळतं.

हा घोळ सध्या बऱ्याच लॅबमध्ये दिसतो आणि त्याला कारण आहे. अमेरिकन फार्माकोपियाच्या ६२१ क्रमांकाच्या प्रकरणात पूर्वी स्पर्शिकेची पद्धत होती. १ डिसेंबर २०२२ पासून तिथे अर्ध्या उंचीची सूत्रं आली, जी युरोपियन फार्माकोपियात आधीपासून होती. एक्सेल शीटमधलं सूत्र बदललं जातं, पण रुंदी जुन्याच रकान्यातून उचलली जाते.

आता १०,३०० आणि १२,४०० मधला फरक उरतो. तो खरा आहे, आणि त्याचा धागा तुमच्याच पहिल्या पीकमध्ये आहे. २.४० मिनिटांना रुंदी ०.११६. योग्य सूत्राने तिथे ६,८५० येतात. कॉलमचं पॅकिंग बसलं असतं किंवा तोंडाशी पोकळी झाली असती, तर लवकरच्या आणि उशिराच्या, सगळ्याच पीकांचे आकार बिघडले असते. बहुधा शेपट्या किंवा दुभंगलेली टोकं दिसली असती. तुमचे पीक सरळ आहेत. फक्त लवकर येणाऱ्या पीकचं नुकसान जास्त आहे. हे कॉलमबाहेरच्या पसरण्याचं लक्षण आहे. इंजेक्टर, नळ्या आणि डिटेक्टर सेल मिळून प्रत्येक पीकमध्ये जवळपास सारखीच भर घालतात. रुंद पीक ती पचवतो, अरुंद पीकला ती झेपत नाही.

जोडणीच्या फोटोत कॉलमपासून डिटेक्टरपर्यंत निळी पीक नळी दिसते (हे ‘पीक’ प्लॅस्टिकचं नाव, आलेखातलं नव्हे). निळी म्हणजे आतला व्यास ०.२५ मिलिमीटर, लाल म्हणजे ०.१३. लांबी अंदाजे ४० सेंटिमीटर धरली तर निळीत २० मायक्रोलिटर मावतं, लालमध्ये ५. पण खरा मार आकारमानाचा नसतो. नळीतलं पसरणं त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतं. व्यास अर्धा केला की पसरण्याची भर सोळाव्या हिश्श्यावर येते.

तुमच्या दोन्ही पीकांवरून मी हिशेब मांडला. प्रवाह मिनिटाला १ मिलिलिटर आहे. कॉलमबाहेरची भर वर्गविचलनात सुमारे ३२४ चौरस मायक्रोलिटर धरली, तर ती वजा केल्यावर दोन्ही पीकांना कॉलमचे खरे प्लेट ११,२०० च्या आसपास येतात. एका आकड्याने दोन्ही पीकांचं गणित सुटतं, म्हणून मला हे कारण पटतं. पण नुसतं मानू नका, तपासा. कॉलम काढून त्या जागी शून्य-पोकळीचा युनियन लावा, थोडासा नमुना सोडा आणि पीकची पायथ्याची रुंदी बघा. ०.०७ मिनिटांच्या आसपास आली तर गुन्हेगार सापडला. डेटा घेण्याचा वेग वाढवून ठेवा, नाहीतर एवढ्या अरुंद पीकवर मोजके बिंदू पडतात आणि रुंदीच खोटी येते. लाल नळी लावताना फेरूलपाशी नळी तळापर्यंत बसली आहे ना तेही बघा.

राहिलेला थोडा फरक परिस्थितीचा. सर्टिफिकेटवरचा १२,४०० हा नॅफ्थलीनचा आहे, ६०:४० अॅसिटोनायट्राइल-पाण्यात, अर्ध्या उंचीच्या रुंदीने काढलेला. हे सर्टिफिकेटच्या खालच्या ओळीत छापलेलं आहे. तुमचा पदार्थ वेगळा, मोबाइल फेज वेगळा.

आणि आता जे पैसे परत मिळूनही सुटणार नाही ते सांगतो. रिझोल्युशन प्लेट काउंटच्या वर्गमुळाने वाढतं. १.६० चं २.० करायला १०,३०० चे १६,१०० प्लेट लागतील. १५० मिलिमीटर लांबीच्या, ५ मायक्रॉनच्या कॉलमकडून तुमच्या पदार्थासाठी तेवढी अपेक्षा मी धरणार नाही, माझ्याकडचा घ्या की दुसऱ्याचा. सर्टिफिकेटइतके पूर्ण १२,४०० मिळाले तरी १.७५ वर थांबाल. उलट मुख्य पीक ६.६० वरून ६.७१ ला सरकला, तर थोडी रुंदी वाढूनही रिझोल्युशन २.० च्या पुढे जातं. तेवढा सरक मोबाइल फेजच्या पीएचमधल्या लहान फरकाने किंवा अॅसिटोनायट्राइलऐवजी थोडं मिथेनॉल घेऊन मिळू शकतो. मेथड व्हॅलिडेटेड असेल तर मात्र हा बदल मनाने करता येणार नाही. मग त्याच पॅकिंगचा ३ मायक्रॉनचा कॉलम सोपा पडेल. दाब वाढेल, तेवढा तुमचा पंप सोसतो का ते आधी बघा.

लाल नळी आणि युनियन मी उद्याच्या कुरिअरने पाठवतो, बिल नाही. त्यानंतर नॅफ्थलीनचं इंजेक्शन सर्टिफिकेटच्याच परिस्थितीत घ्या. १०,००० च्या खाली आलं तर रिपोर्ट पाठवा, कॉलम परत घेतो आणि पूर्ण रक्कम देतो.