पाच किलो आवळे आणि एक आयोडीनची बाटली

डिसेंबरच्या एका रविवारी मी मंडईत कोथिंबीर आणायला गेलो आणि पाच किलो आवळे घेऊन आलो. शुद्धीवर असताना पाच किलो आवळे कोणी घेत नाही. विक्रेता म्हणाला, "साहेब, शेवटचं पोतं आहे, सगळं उचला, निम्म्यात देतो," आणि 'निम्म्यात' हा शब्द ऐकला की माझा मेंदू बंद पडतो. हे लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर घरात सर्वांना माहीत आहे.

कोथिंबीर राहिलीच.

आईनं पिशवीत हात घातला, एक आवळा बाहेर काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. "हा बघ, हा चांगला. हिरवट पिवळा, जरा आरपार दिसल्यासारखा, आणि या सहा रेघा स्वच्छ." मग दुसरा काढला. तो नुसताच हिरवागार, गोटीसारखा कडक होता. "हा कोवळा. तोंडात घातलास तर जीभ टाळूला चिकटेल." तिसऱ्यावर करंगळीच्या नखाएवढा मऊ तपकिरी डाग होता. तो तिनं चिमटीत धरून असा बाजूला ठेवला, की जणू तो मीच आहे. पोतं झाडाखाली आपटून भरलेलं असणार. ठेच लागलेला आवळा आधी तपकिरी पडतो, मग त्यावर निळसर बुरशीचे ठिपके येतात आणि दोन दिवसांत शेजारचे चार आवळे त्याच्या संगतीला लागतात.

"आणि एक कापून बघितलास का?" नव्हता बघितला. आवळा बाहेरून राजबिंडा आणि आत बीभोवती काळा पडलेला निघू शकतो. झाडाला बोरॉन कमी पडलं की असं होतं, आणि हे बाहेरून कळेलच असं नाही. म्हणून घाऊक घेताना एक कापायचा. आईनं पाच कापले, एक काळा निघाला. तिनं तोंडातून 'निम्म्यात' एवढाच शब्द काढला.

निवडून साडेतीन किलो उरले. हिनं आपल्यापुरते दीड किलो न धुता, नुसते कोरड्या फडक्यानं पुसून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. धुतलेल्या आवळ्याच्या देठाशी पाणी साचतं आणि बुरशीला तेच हवं असतं. असे दोन-तीन आठवडे सहज टिकतात, बाहेर परातीत ठेवले तर आठवडाभरात सुरकुततात. उरलेले दोन किलो माझ्याकडे आले. "तुम्ही आणलेत, तुम्हीच वाळवा."

इथे आमच्या आत्या फोनवर उपस्थित झाल्या. "वाळव रे, बिनधास्त वाळव. बाकीच्या फळांतलं सी जीवनसत्त्व जातं, आवळ्यातलं जात नाही. देवाची करणी आहे." आत्याशी वाद घालणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचाय. पण आमची कन्या तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते, आणि तिनं फोन ठेवल्या ठेवल्या भुवई वर केली. "मोजूया का, बाबा?"

मी आधी किसायला बसलो. घरात जी जुनी लोखंडी किसणी होती तीच घेतली. दुसऱ्या आवळ्याला किस करडा झाला, पाचव्याला जांभळट काळा. आई धावत आली. आवळ्यातलं तुरटपण, म्हणजे टॅनिन, आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई तयार होते. केस काळे करायला लोखंडी कढईत आवळा भिजवतात तो याचसाठी. शिवाय लोखंडाचा अंश सी जीवनसत्त्व हवेत लवकर मारायला मदत करतो, तो वेगळा. माझा अर्धा किलो किस आता वाढदिवसाच्या आधी केसांना लावण्यापुरता उरला होता.

स्टीलची किसणी आली. उरलेल्या दीड किलोवर आईनं पुढचा धडा शिकवला. आवळे पाण्यात उकळायचे नाहीत. कुकरमध्ये चाळणीवर ठेवून, शिट्टी न लावता, आठ-दहा मिनिटं वाफवायचे. सहा रेघांवर आपोआप भेगा पडल्या की झाले. मग फाकी हातानं सुटतात आणि बी अख्खी बाहेर येते. वाफेमुळे सी थोडं जातंच, पण फळातली जी वितंचकं, म्हणजे एन्झाइम, उरलेलं सी हळूहळू खातात, ती मरतात. आणि उकळताना जे सी पाण्यात उतरतं, ते आपण मोरीत ओतून टाकतो. "पाणी पिवळं झालं की समजायचं, तुझं औषध गटाराला चाललंय."

सगळं किसून दोन ताटल्यांत पसरलं. एक उघड्या उन्हात गच्चीवर, दुसरी माळ्याखालच्या खोलीत पंख्याखाली. मीठ थोडं, काळं मीठ थोडं, आल्याचा रस. सोसायटीच्या सचिवांनी गच्चीवर वाळवण ठेवायला परवानगी आहे का विचारलं. मी म्हणालो, हा वैज्ञानिक प्रयोग आहे. ते म्हणाले, मग लेखी द्या. कबुतरांनी काहीही न विचारता हजेरी लावली, म्हणून मलमलीचा पंचा बांधला. संध्याकाळी दव पडायच्या आत ताट आत आणायचं हे मी पहिल्या दिवशी विसरलो आणि सकाळी किस कालच्यापेक्षा ओला होता. हेही विज्ञानच.

उन्हातला चौथ्या दिवशी झाला, पंख्याखालचा सातव्या. झालाय की नाही हे गरम असताना हाताला कळत नाही. थंड होऊ द्यायचा, मग वाकवायचा. कडकन मोडला तर झाला, चामड्यासारखा वाकला तर अजून नाही. शंका असेल तर काचेच्या बरणीत घालून रात्रभर झाकण लावायचं. सकाळी काचेला आतून धुकं दिसलं तर परत ताटात. माझ्या बरणीत एकदा दिसलं. ते बघायला मी पहाटे पाचला उठलो होतो.

मग आला प्रयोग. कन्येनं जखमेवर लावायचं तांबडं आयोडीनचं औषध, भाताची पेज आणि ड्रॉपर एवढ्यावर प्रयोगशाळा उभी केली. तत्त्व असं, की आयोडीनचा थेंब सी जीवनसत्त्वाला भेटला की त्याचा रंग उडतो. सी संपलं की पुढच्या थेंबाला पेज निळी-जांभळी होते. म्हणजे जितके थेंब, तितकं सी. आधी काटा ठरवायला दुकानातली पाचशे मिलिग्रॅमची गोळी अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवली. त्यातलं दहा मिलिलिटर, म्हणजे दहा मिलिग्रॅम सी, अठ्ठावन्न थेंब पिऊन गेलं. म्हणजे एक मिलिग्रॅमला साधारण सहा थेंब.

नंतर आवळे. हिच्या फ्रिजमधल्या ताज्या आवळ्यांचा पन्नास ग्रॅम गर अर्ध्या लिटर पाण्यात वाटून गाळला आणि त्यातलं दहा मिलिलिटर घेतलं, म्हणजे एक ग्रॅम आवळा झाला. त्याला एकवीस थेंब लागले. म्हणजे शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या वर. मी छाती फुगवली. कन्या म्हणाली, "थांबा. आवळ्याचं टॅनिनसुद्धा आयोडीन खातं, ते सी म्हणून मोजलं जातं. खरा आकडा याहून कमी." तिनं तिचं पुस्तक उघडलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात आवळ्याला शंभर ग्रॅममागे 600 मिलिग्रॅम दिलेत, तर 2017 च्या नव्या तक्त्यात 252. आत्यांची देवाची करणीही याच टॅनिनमुळे असावी, त्यानं आयोडीनला फसवलं तसंच पिढ्यान्‌पिढ्या आत्यांना फसवलं.

आता वाळलेला. पन्नास ग्रॅम ताज्या गराचा किस सुकून साडेआठ ग्रॅम झाला होता, तेवढाच पाण्यात भिजवून, वाटून, त्याच अर्ध्या लिटरमध्ये. उन्हातल्या किसाला पाच थेंब लागले. पंख्याखालच्याला नऊ. एकवीसचे पाच! तीन चतुर्थांशाहून अधिक गेलं, आणि त्या पाचात टॅनिनचाही वाटा. ऊन, हवा आणि किसल्यामुळे उघडा पडलेला पृष्ठभाग यांनी मिळून पुढचं काम केलं होतं. आईचा गेल्या वर्षीचा मोरआवळा चाचणीला आणला, पण पाकाचा तपकिरी रंग एवढा होता की निळं कधी झालं ते दिसेना, तेव्हा मोरआवळा निर्दोष सुटला. आई म्हणाली, "त्याला सी नको, त्याला मी पुरे."

रात्री मी एक गंमत हिशेबात पकडली आणि सगळ्यांना जागं केलं. उन्हात वाळवलेल्या आवळ्यात शंभर ग्रॅममागे किती सी? ताज्याच्या शंभर ग्रॅमात पाच थेंबांच्या हिशेबानं शहाऐंशी मिलिग्रॅम उरलं, आणि ते शंभर ग्रॅम सुकून सतराच ग्रॅम झाले. म्हणजे वाळलेल्या शंभर ग्रॅमात पाचशे! ताज्याच्या साडेतीनशेपेक्षा जास्त! पाणी गेलं, वजन गेलं आणि आकडा फुगला. आवळासुपारीच्या पाकिटावर 'शंभर ग्रॅममागे' वाचून हुरळणारा माणूस हा हिशेब करत नाही. मी आजवर करत नव्हतो. शंभर ग्रॅम वाळलेला आवळा कोण खातं? चिमूटभर, पाच ग्रॅम, म्हणजे पंचवीस मिलिग्रॅम. मोठ्या पुरुषाला दिवसाला 80 लागतं, बाईला 65. आणि एक ताजा, मध्यम आवळा, चाळीस ग्रॅम गराचा, कंजूष 252 च्या हिशेबानंही शंभरीला पोचतो.

"म्हणजे," हिनं डोळे चोळत विचारलं, "सात दिवस, दोन ताटल्या, एक सचिव, आणि रोज एक आवळा कच्चा चावून खाल्ला असता तर हे सगळं टळलं असतं?"

हो. किंवा किसून छोट्या पिशव्यांत गोठवला असता. कन्येनं एक पिशवी फ्रीझरमध्ये ठेवली होती, न वाफवता, हवा पिळून काढून. पंधरा दिवसांनी तिला एकोणीस थेंब लागले. गोठवल्यावर सी फारसं हलत नाही, फक्त वितळल्यावर किस मऊ पडतो, म्हणून कोशिंबिरीला नको, सरबत आणि चटणीला चालतो. ही माहिती घरात पोचली तेव्हा फ्रीझरमध्ये मटार होते. मटार हिचे होते, त्यामुळे विषय संपला.

वाळलेला आवळा आईच्या डब्यात गेला. जेवण झालं की ती एक चिमूट तोंडात टाकते आणि मला डोळा मारते. परवा तिच्यासाठी उरलेले आवळे किसायला घेतले, या वेळी स्टीलच्या किसणीवर, एकदम सराईतपणे, आणि अंगठ्याचा शेंडा गेला. आवळ्याचा रस जखमेत लागला की काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही, ओरडून सांगता येतं. ही धावत आली, औषधांचा डबा उचकला आणि थांबली.

"आयोडीनची बाटली कुठंय?"

"रिकामी आहे," कन्या आतून म्हणाली. "आवळ्यांनी प्यायली."