मीडियम म्हणजे नक्की किती जाड?

मालवणात माझं छपाईचं दुकान आहे. फ्लेक्स, मेनूकार्ड, होमस्टेच्या पाट्या, हंगामात लग्नपत्रिका. गेल्या महिन्यात तारकर्लीच्या एका काकींची पाटी दुसऱ्यांदा छापून द्यावी लागली, स्वतःच्या खर्चाने. म्हणून हा राग.

पाटीचं डिझाइन त्यांच्या पुतण्याने मुंबईहून पाठवलेलं. त्यातला फॉन्ट माझ्याकडे नव्हता. वळणाने जवळचा एक होता, त्यात 'मीडियम' जाडी होती, डिझाइनमध्येही 'मीडियम'च लिहिलेलं. मीडियमच्या जागी मीडियम टाकलं आणि मोकळा झालो. पाटी लागल्यावर काकींचा फोन आला, "अक्षरां उपाशी ठेवलंस काय रे?" जाऊन बघितलं तर खरंच. रस्त्यावरून 'घरगुती जेवण' दिसतच नव्हतं.

मग दुकानात बसून मोजलं. दोन्ही फॉन्टमध्ये 'का' टाइप केला. दोन फॉन्टचा पॉइंट साइज सारखा ठेवला तरी अक्षरांची उंची सारखी येत नाही, म्हणून आधी दोन्ही 'का' शिरोरेषेपासून पायापर्यंत 100 मिमी होतील असे ताणले आणि मग काना मोजला. पुतण्याच्या मीडियमचा काना 14 मिमी, माझ्याकडच्या मीडियमचा 11. माझ्याच फॉन्टचा सेमीबोल्ड लावला तर साडेतेरा. म्हणजे त्याच्या मीडियमची जोड माझ्या सेमीबोल्डशी होती!

याचं कारण असं की ही नावं कुणी पट्टी लावून ठरवलेली नाहीत. आपल्या बाजारात मासळीचा वाटा असतो तसंच हे. एका मावशीच्या टोपलीत शंभराचा वाटा पन्नासाच्या वाट्यापेक्षा मोठा असणार, पण शेजारच्या मावशीचा शंभराचा वाटा केवढा, ते तिच्या टोपलीत बघितल्याशिवाय कळत नाही. फॉन्ट फाइलमध्ये usWeightClass नावाचा एक आकडा असतो: लाइट 300, रेग्युलर 400, मीडियम 500, सेमीबोल्ड 600, बोल्ड 700, ब्लॅक 900. आकडा बघितला की वाटतं काहीतरी मोजलेलं असणार. तो फक्त क्रम आहे. 400 आणि 500 मध्ये काना किती जाड व्हावा, हे फॉन्ट बनवणारा आपल्या डोळ्याने ठरवतो.

शिवाय फॉन्टच्या प्रत्येक घराण्याची शिडी वेगळी. 'हिंद'मध्ये लाइट ते बोल्ड अशी पाचच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, 'मुक्त'मध्ये एक्स्ट्रालाइट ते एक्स्ट्राबोल्ड अशी सात, 'पॉपिन्स'मध्ये थिन ते ब्लॅक अशी नऊ. हिंदमध्ये शेवटची पायरीच बोल्ड, पॉपिन्समध्ये बोल्डच्या वर अजून दोन. दोन्हीकडचे बोल्ड एकसारखे निघावेत अशी अपेक्षाच कशाला?

त्यात 'मीडियम' सगळ्यात लबाड. जुन्या कित्येक घराण्यांत रोजच्या मजकुराच्या साध्या वजनालाच मीडियम म्हणायचे. म्हणून तर वेबसाइटवर 500 मागितलं आणि ते नसलं, तर ब्राउझर आधी 400 शोधतो, जाडाकडे नंतर जातो. अक्षरकार एड्रियन फ्रुटिगरने 1957 साली 'युनिव्हर्स' हा फॉन्ट काढताना हा नावांचा घोळ टाळायला सरळ आकडे दिले: 45 लाइट, 55 साधं, 65 बोल्ड, 75 ब्लॅक. पण त्या आकड्यांवरूनही जाडीची तुलना एका घराण्याच्या आतच.

ब्लॅकचं देवनागरीत आणखी एक दुखणं. इंग्रजी H कितीही फुगवा, वाचता येतो. 'राष्ट्र', 'श्रद्धा', 'समृद्धी' फुगवायला गेलं की आतली भोकं बुजतात. चांगला कारागीर अशा जोडाक्षरांत आतल्या रेषा मुद्दाम बारीक ठेवतो. ज्या फॉन्टमध्ये खरा बोल्ड नाही तिथे बी बटण दाबलं तर सॉफ्टवेअर सगळ्याच रेषा सरसकट फुगवतं. ओळखायचं कसं? 'ष्ट्र' मोठा करून बघा. आतली जागा लिंपल्यासारखी दिसली तर तो बोल्ड खोटा. विंडोजच्या जुन्या पद्धतीत एका नावाखाली चारच फॉन्ट बसतात, साधा, बोल्ड आणि दोघांचे तिरके. त्यामुळे सेमीबोल्ड यादीत वेगळ्याच नावाने दिसतो. तो निवडून वर बी दाबणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

आता फॉन्ट बदलायची वेळ आली की वजनाचं नाव बघतच नाही. उंची जुळवायची, काना मोजायचा. काकींच्या दुसऱ्या पाटीवर सेमीबोल्ड लावला. पण पाटी गडद निळी, अक्षरं पांढरी, आणि रात्री आतून दिवा. उजेडात पांढरी अक्षरं फुगलेली दिसतात. आता काकी म्हणतात, दिवसा बरी दिसते, रात्री 'सोलकढी'तला ढ भरून येतो.