सोमवारीही दोनच लॉट

"आठवडा दणदणीत गेला ना? मग आता क्वांटिटी वाढव. फॉर्मात असताना दोन लॉटवर बसून राहणारा कधी मोठा होत नाही. आणि लावतोयस ते बाजाराचेच पैसे, गेले तर गेले, मुद्दल शाबूत आहे. स्टॉपलॉस तर आहेच. मोठे ट्रेडर असेच मोठे झालेत."

ग्रुपवर फिरणारा हा मेसेज तुला आज पटतोय. शुक्रवारी खात्यात 5,60,000 दिसले, आठवड्याच्या सुरुवातीला 5,00,000 होते. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनमध्ये दहा ट्रेड झाले, सात नफ्यात गेले, तीन स्टॉपला कटले. शनिवारपासून डोक्यात हिशेब चाललाय की दोनाऐवजी सहा लॉट असते तर किती झाले असते. सोमवारी बाजार उघडायच्या आधी हे सगळं शांतपणे वाच.

फॉर्मपासून सुरुवात करू. तुझ्या वहीतल्या जुन्या नोंदी सांगतात की शंभरातले साधारण 45 ट्रेड तुला नफा देतात. तरी खातं वाढतं, कारण नफ्याचा सरासरी ट्रेड तोट्याच्या ट्रेडच्या दुपटीहून मोठा असतो. आता 45 टक्के यश असलेल्या माणसाने दहा ट्रेड केले, तर त्यातले सात किंवा जास्त नफ्यात जाण्याची शक्यता किती? गणित मांडलं की उत्तर येतं साधारण दहा टक्के. वर्षाला पन्नास आठवडे धरले तर असे पाचेक आठवडे तुझ्या वाट्याला येणारच आहेत. त्यासाठी तुझी नजर तीक्ष्ण व्हायची गरज नाही, पद्धत सुधारायची गरज नाही, काहीच बदलायची गरज नाही. जे आधी होतं तेच चालू राहिलं तरी असे आठवडे येतात, आणि दहापैकी दोनच ट्रेड लागलेले आठवडेही त्याच हिशेबाने येतात.

त्यातही हे गणित प्रत्येक ट्रेड स्वतंत्र आहे असं धरून चालतं, आणि या आठवड्यात ते तसे नव्हते. वही उघडून बघ. दहापैकी आठ वेळा तू कॉल घेतलास आणि निफ्टी आठवडाभर वरच जात होता. सात वेगवेगळे निर्णय सात वेळा बरोबर ठरले, असं इथे झालेलं नाही. "बाजार वर जाईल" हा एकच अंदाज पुन्हा पुन्हा लावला गेला आणि तो बरोबर निघाला. असे एकमेकांना बांधलेले ट्रेड असले की भन्नाट आठवडे जास्त वेळा येतात आणि तितकेच वाईट आठवडेही जास्त वेळा येतात. पुढच्या आठवड्यात बाजार एकाच पट्ट्यात वरखाली करत राहिला, तर हेच आठ कॉल एकामागून एक कटतील.

बुधवारचा ट्रेड तर स्वतंत्रपणे बघण्यासारखा आहे. कॉल 142 ला घेतला, स्टॉप 112 ला. प्रीमियम घसरत 113.50 पर्यंत आला, तिथून वळला आणि तू 210 ला बाहेर पडलास. 68 अंक, दोन लॉटची 130 क्वांटिटी, म्हणजे 8,840 रुपये नफा. भाव अजून दीड रुपया खाली गेला असता तर 3,900 रुपयांचा तोटा लिहावा लागला असता. दोन निकालांत 12,740 रुपयांचा फरक आहे आणि तो पडला दीड रुपयाने. तू नियम पाळलास, स्टॉप हलवला नाहीस, हे उत्तमच. पण 113.50 ला भाव वळला त्यात तुझा काही हात नव्हता. आठवड्याच्या 60,000 मध्ये अशी रक्कम किती आहे ते आधी मोजायला हवं.

आता क्वांटिटी. नियम तुझाच आहे: एका ट्रेडमध्ये खात्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त धोका नाही. पाच लाखांवर ती मर्यादा 5,000 होते. निफ्टीचा लॉट 65 चा धर, स्टॉप 30 अंकांचा, म्हणजे एका लॉटला 1,950 रुपये धोका. 5,000 मध्ये अडीच लॉट बसतात, अर्धा लॉट मिळत नाही, म्हणून दोन. आता खातं 5,60,000 झालं, मर्यादा 5,600 झाली. त्यात बसतात 2.87 लॉट. उत्तर पुन्हा दोनच. तिसरा लॉट बसायला खात्यात 5,85,000 लागतात. खातं 12 टक्क्यांनी वाढलं, म्हणून धोका 12 टक्क्यांनी वाढवायला तुझा नियम परवानगी देतो, आणि तेवढ्यात एक पूर्ण लॉटही येत नाही. सहा लॉट केले तर धोका एकदम तिप्पट होतो. तो सहाचा आकडा कोणत्याही हिशेबातून आलेला नाही, तो शुक्रवारच्या आनंदातून आलाय.

त्या तिप्पटीचा अर्थ नीट समजून घे. सहा लॉटवर एक स्टॉप कटला की 11,700 रुपये जातात. पाच स्टॉप सलग कटले की 58,500, म्हणजे जवळपास अख्खा आठवडा परत. तुझं अपयशाचं प्रमाण 55 टक्के आहे, तेव्हा कुठल्याही पाच ट्रेडची सलग रांग तोट्यात जाण्याची शक्यता साधारण पाच टक्के, वीसात एकदा. वर्षभर ट्रेड करणाऱ्याला ही रांग अनेकदा भेटते. दोन लॉटवर ती 19,500 रुपये नेते, आणि मंगळवारच्या एक्स्पायरीनंतर तू नेहमीसारखा पुढे जातोस. वाढवलेल्या क्वांटिटीत खरा फटका इथे बसतो: नफा झाला तो लहान क्वांटिटीवर आणि तोटा होतो तो मोठ्या क्वांटिटीवर. जितके अंक कमावलेस त्याच्या एक तृतीयांश अंक गमावले तरी पैसे पूर्ण जातात. या आठवड्यात निव्वळ 460 अंक मिळवलेस. सहा लॉटवर 154 अंकांत सगळं साफ होईल. तेव्हा तुझी पद्धत अंकांच्या हिशेबात नफ्यात असेल आणि खातं जिथून निघालं तिथे येऊन थांबेल.

बाजाराचे पैसे म्हणण्याबद्दल. शुक्रवारी पोझिशन बंद झाली त्या क्षणी ते पैसे तुझे झाले, पगाराइतकेच तुझे. फ्युचर्स-ऑप्शनचा नफा व्यवसायाचं उत्पन्न म्हणून तुझ्या स्लॅबने करपात्र आहे. वर्षअखेर हिशेब नफ्यात राहिला आणि तू 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलास, तर या 60,000 मधले 18,000 हून अधिक सरकारचे आहेत. ते उडवलेस तर उडवण्यासाठी हातात होतं त्यापेक्षा जास्त उडवलंस. खरं तर एक टक्क्याचा हिशेबही ही रक्कम बाजूला काढूनच करायला हवा, म्हणजे 5,42,000 वर.

मिळालेला नफा मुद्दलापासून वेगळा धरून त्यावर जास्त जोखीम घ्यायची ही सवय अभ्यासकांनी कधीच टिपून ठेवलीय. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ती दिसते. त्याच कामातली दुसरी गोष्ट मेसेजवाले सांगत नाहीत: तोटा झाल्यावर माणसाला असा डाव खुणावतो ज्यात एका फटक्यात बरोबरीला येता येईल. म्हणजे सहा लॉटवर मंगळवारी 30,000 गेले, की बुधवारी तू दोन लॉटवर परत येशील असं समजू नकोस. बुधवारी तुला दहा लॉट दिसतील.

स्टॉपलॉसवर इतका भरवसा ठेवणाऱ्याने तो कसा चालतो हे माहीत करून घ्यावं. एनएसईवर ऑप्शनसाठी बाजारभावाने सुटणारी स्टॉपलॉस ऑर्डर सप्टेंबर 2021 पासून बंद आहे. आपण लावतो ती ट्रिगर आणि लिमिट अशी दोन भावांची ऑर्डर. ट्रिगर 112, लिमिट 109 ठेवली आणि भाव एका झटक्यात 113 वरून 104 वर आला, तर ऑर्डर जागी होते पण 109 ला घेणारा कोणी नसतो. ती तशीच पडून राहते आणि तू स्क्रीनवर लाल आकडा वाढताना बघतोस. मग हाताने लिमिट खाली ओढावी लागते. निसटलेला प्रत्येक अंक दोन लॉटवर 130 रुपयांचा आणि सहा लॉटवर 390 रुपयांचा. शिवाय मोठी रक्कम पळताना हात आखडतो, हे वेगळंच.

3 जून 2024 आठव. एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी एका दिवसात 733 अंकांनी वाढून 23,263.90 ला बंद झाला. त्या संध्याकाळी कॉलवाल्यांपैकी कोणाला आपण फॉर्मात आहोत असं वाटलं नसेल? दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि बाजार 1,379 अंक, जवळपास सहा टक्के पडला. असा दिवस आला आणि कॉल रात्रभर धरलेला असला तर जाणारी रक्कम स्टॉपची राहत नाही, पूर्ण प्रीमियमची होते. 142 चा कॉल सहा लॉट घेतला असेल तर 55,380 रुपये. दोन लॉट असतील तर 18,460. पहिल्या आकड्यात हा जवळपास सगळा आठवडा बुडतो. दुसऱ्याने दुखेल, पण धंदा चालू राहील.

मोठ्या ट्रेडरांचा दाखला अर्धवट आहे. चालत्या ट्रेडमध्ये भर घालणारे असतात, पण ते आधीच्या लॉटचा स्टॉप वर ओढून घेतात, म्हणजे भर घातल्यावरही एकूण धोका सुरुवातीइतकाच राहतो. तिप्पट क्वांटिटीने नवा ट्रेड सुरू करणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. आणि मेसेजमध्ये फक्त टिकलेले मोजलेत. सेबीच्या अभ्यासात 2024-25 मध्ये इक्विटी डेरिव्हेटिव्हमधले 91 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले. त्यांच्यापैकी कितीजणांनी या आठवड्यासारखा आठवडा पाहिला असेल, याचा विचार कर.

तेव्हा सोमवारी नऊच्या आधी एवढं कर. करासाठी 18,000 बँकेत परत मागव. ऑर्डर विंडोत क्वांटिटी 130 आहे याची खात्री कर. पहिला ट्रेड नेहमीच्या सेटअपवरच घे, आणि तो स्टॉपला कटला तर दुसरा ट्रेडही 130 चाच. तिसऱ्या लॉटचा प्रश्न कराचे पैसे सोडून खात्यात 5,85,000 उरले तरच काढायचा, तोही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी.