अडीच मिनिटांचं गाणं, अडीच तासांची नोंद

पुस्तकाचा संदर्भ देणं हे सभ्य काम आहे. लेखक, वर्ष, शीर्षक, प्रकाशक, पान, सगळे आपापल्या जागी निमूट उभे राहतात. गाण्याचं तसं नाही. लेखक कोण म्हणून विचारलं की तिघे हात वर करतात, वर्ष विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि पान विचारायची तर सोयच नाही.

समजा, निबंध स्त्रीवाद आणि लोकप्रिय संगीतावर आहे. म्हणजे अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' आलंच. त्याचा गीतकार ओटिस रेडिंग. त्याने ते 1965 साली स्वतः गायलं, तेव्हा गाण्यातला पुरुष घरी आल्यावर आपला मान राखला जावा म्हणून विनवत होता. 1967 साली अरीथाने तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि डाव उलटला. इथवर ठीक. पण ज्या ओळीसाठी आपण हे गाणं निबंधात ओढून आणतो, ती अक्षरं सुटी करून ठणकावलेली 'आर-ई-एस-पी-ई-सी-टी', ती रेडिंगच्या ध्वनिमुद्रणात नाहीच! ती आली अरीथाच्या मुद्रणात. गीतकार म्हणून छापलेलं नाव मात्र एकट्या रेडिंगचं.

आता कंसात (रेडिंग, 1965) लिहिलंत, तर स्त्रीवादाची ती आरोळी आपण एका पुरुषाच्या नावावर चढवली, आणि तीही त्याने न लिहिलेली. परीक्षकाने लाल पेन उचललं तर त्याला दोष देता येणार नाही.

संदर्भ देण्याची एपीए पद्धत इथे मदतीला येते. लोकप्रिय गाण्याला ती गायकालाच लेखकाच्या जागी बसवते: फ्रँकलिन, अ. (1967). रिस्पेक्ट [गीत]. मग अल्बमचं नाव, 'आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू', आणि शेवटी कंपनी, अटलांटिक. अभिजात संगीतात मात्र हीच पद्धत संगीतकाराला पुढे करते. एमएलए ही दुसरी पद्धत निवड तुमच्यावर सोपवते: तुमचं म्हणणं ज्याच्याबद्दल, त्याचं नाव आधी. मोकळीक मिळाली की माणूस जास्त गोंधळतो, म्हणून माझी युक्ती साधी आहे. आपल्याच वाक्यातलं क्रियापद बघावं. 'अरीथा मागते' असं लिहिलं असेल तर नोंद अरीथाची. 'रेडिंग लिहितो' असेल तर रेडिंगची, आणि मग 1965चंच मुद्रण ऐकावं. दोघांची तुलना असेल तर दोन नोंदी. एका नोंदीत दोघांना कोंबू नये.

वर्षाची गंमत वेगळीच. स्ट्रीमिंगवर तेच गाणं एखाद्या 'निवडक गाणी' संग्रहातून वाजतं आणि शेजारी त्या संग्रहाचं वर्ष झळकतं. ते तसंच उचललं की नागरी हक्कांच्या काळातलं गाणं पार पुढच्या शतकात जाऊन पडतं, आणि सांस्कृतिक अभ्यासात काळच चुकला तर उरलं काय? अल्बमच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत वर्तुळातला 'पी' आणि वर्तुळातला 'सी' असतात. 'पी' म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क, 'सी' म्हणजे मुखपृष्ठ आणि छापील मजकूर यांचा. जुनं मुद्रण नव्या कपड्यांत आलं की या दोघांची वर्षं वेगळी दिसतात. तुम्हाला हवा तो बहुधा 'पी'. बहुधा, कारण नव्याने घासूनपुसून काढलेल्या 'रीमास्टर्ड' आवृत्तीला कधी कधी 'पी'सुद्धा नवा लागतो. तेव्हा मूळ तबकडीच्या चकतीवरचा क्रमांक शोधावा. या अल्बमच्या स्टीरिओ प्रतीवर तो एसडी 8139 आहे. शिकागो पद्धतीच्या नोंदीत तो क्रमांक सहसा देतात.

पानाच्या जागी मिनिट-सेकंद. यात खोच अशी की एकल तबकडी, अल्बम आणि व्हिडिओ यांचे सेकंद जुळतीलच असं नाही. व्हिडिओत आधी कुणीतरी बोलतं, टाळ्या पडतात, आणि तुमची ओळ पंधरा सेकंद पुढे सरकते. म्हणून जी प्रत ऐकली तिचेच सेकंद, आणि नोंदही तिचीच.

राहिले शब्द. गीतांच्या संकेतस्थळांवरचे शब्द बरेचदा कुणा चाहत्याने कानाने टिपलेले असतात. चुकीचं ऐकण्याला इंग्रजीत 'माँडेग्रीन' म्हणतात. 1954 साली सिल्व्हिया राइट यांनी तो शब्द काढला, कारण लहानपणी एका मारल्या गेलेल्या सरदाराच्या पोवाड्यातलं 'लेड हिम ऑन द ग्रीन' त्यांना 'लेडी माँडेग्रीन' असं ऐकू येई आणि ती बाईही सरदाराबरोबर मेली अशी त्यांची समजूत होती. तेव्हा शब्द स्वतः ऐकून लिहावेत, ओळ जिथे मोडली तिथे तिरकी रेघ, आणि कळलं नाही तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह.

'रिस्पेक्ट'च्या शेवटाकडे तर 'सॉक इट टू मी'चा जो मारा होतो, तो अरीथाच्या नव्हे, मागे उभ्या असलेल्या तिच्या बहिणी एर्मा आणि कॅरोलिन यांच्या तोंडी आहे. संकेतस्थळांवर सगळे आवाज एकाच रांगेत छापलेले सापडतात. ओळ उद्धृत करायची तर आधी (साथ) असं लिहा, नाहीतर अरीथाच्या ओळीचं जे झालं तेच बहिणींच्या ओळीचं होईल.