वर्गांचे रंग : एका पालकांच्या आक्षेपाला उत्तर

"मॅडम, तुमचं पत्र वाचलं. वर्ग आता दवाखान्यासारखे दिसतात. मुलांना भडक रंग आवडतात, आणि फिकट भिंती दोन महिन्यांत मळतील. ही हौस आमच्या फीमधूनच ना?" — एक पालक

सप्रेम नमस्कार.

आपल्या आक्षेपापेक्षा 'हौस' हा शब्द मला अधिक लागला. मी सत्तावीस वर्षे शिकवते आहे. पूर्वीच्या एका शाळेत माझ्या वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला होत्या, फळा दक्षिणेच्या भिंतीवर होता आणि समोरची पूर्वेची भिंत हळदी पिवळ्या, चकचकीत ऑइल पेंटची होती. दुपारी चारच्या सुमारास खिडकीलगत बसणाऱ्या एका मुलीने फळ्यावरचा 8 वहीत 3 असा उतरवला. मी तिला रागावले. नंतर तिच्या बाकावर बसून पाहिले, तेव्हा पूर्वेच्या भिंतीवर आदळलेले ऊन फळ्यावर परावर्तित होत होते आणि फळ्याचा डावा भाग नुसता चकाकत होता. ती मुलगी निष्काळजी नव्हती. तिला तेथून दिसतच नव्हते. आपण त्या बाकावर कधी बसला आहात का?

म्हणूनच आपल्या शाळेत रंग शेड कार्डावरून ठरवले नाहीत. पश्चिमेच्या वर्गात पूर्वेच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचे तीन नमुने लावून ते सकाळी आठला, दुपारी एकला आणि साडेचारला पाहिले. कार्डावर सुंदर वाटणारा आकाशी ट्यूबलाइटखाली राखाडी दिसू लागला, मोतिया उन्हात डोळ्यांवर येत होता, फिकट पिस्ता मात्र तिन्ही वेळा टिकला. आपण ज्याला दवाखाना म्हणता तो शुभ्र पांढरा रंग फक्त छतावर आहे, कारण तेथून उजेड खाली पसरतो. फळ्यामागची भिंत मुद्दाम एक छटा गडद ठेवली, कारण गडद हिरव्या फळ्याभोवती फार उजळ भिंत असली की वर-खाली पाहताना डोळे शिणतात. रंग मॅट घेतला, कारण चकाकी रंगाच्या छटेइतकीच त्याच्या पृष्ठभागावरही अवलंबून असते. अर्थात, खिडकीचे थेट प्रतिबिंब रंगाने जात नाही. दाराकडच्या रांगेसाठी पडदेच लागतील, आणि ते लावण्याचे काम सुरू आहे.

मळण्याबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. मॅट रंग घासून पुसता येत नाही आणि दप्तरांचे काळे पट्टे त्यावर लगेच उमटतात. म्हणून खालच्या चार फुटांना थोडी गडद, धुता येणारी सेमी-ग्लॉस पट्टी दिली आहे. ही गोष्ट पत्रात लिहायची राहिली, ती माझी चूक.

भडक रंगांच्या आवडीबद्दल वाद घालण्याची मला गरज वाटत नाही. त्यासाठी मुलांची चित्रे लावायला मागची भिंत मोकळी ठेवली आहे. खर्चाचा हिशेब पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत वाचून दाखवला होता, तेव्हा आपण उपस्थित नव्हता. पश्चिमेच्या वर्गात कोणत्याही दिवशी साडेचारला या, मी स्वतः सोबत येईन.

— मुख्याध्यापिका