रेफरल मागायचा सल्ला देणारा तो मेसेज आणि त्यातलं काय काय चुकतंय

"जुन्या वर्गमित्राकडे रेफरल मागायला लाजायचं काय? त्याला एका क्लिकचं काम, वर बोनसही त्यालाच मिळतो. आधी कॉलेजच्या आठवणी काढा, दोन दिवस गप्पा मारा, मग हळूच रेझ्युमे पाठवा आणि 'कुठेही चालेल' म्हणा. तोवर कंपनीच्या साइटवर स्वतःही अप्लाय करून ठेवा. उत्तर नाही आलं तर रोज आठवण करा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही!"

नाशिकच्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगच्या जुन्या बॅचच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. मी सातपूरच्या एका कारखान्यात भरतीचं काम बघते, त्यामुळे असा सल्ला ऐकून आलेल्या अर्जांचं पुढे काय होतं ते मला दुसऱ्या टोकाने दिसतं. लाजू नका, एवढं मला मान्य आहे. बाकीच्याबद्दल बोलू.

क्लिक एकच असतो, पण तो शेवटी येतो. रेफरलच्या पानावर गेलं की आमच्या माणसाला आधी कोणती जागा ते निवडावं लागतं, म्हणजे त्या जागेचा जॉब आयडी हवा. मग उमेदवाराचं नाव, मोबाइल, ईमेल, रेझ्युमे. आणि त्यानंतर खरी अडचण सुरू होते, कारण पोर्टल विचारतं: यांना कसं ओळखता, किती वर्षं, एकत्र काम केलंय का, या जागेला ते योग्य का वाटतात. दहा वर्षांपूर्वी शेवटच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल यातलं काय लिहायचं? जे लिहील ते त्याच्या कर्मचारी क्रमांकाखाली राहतं, आणि पुढे त्या खात्याचे साहेब कॅन्टीनमध्ये गाठून विचारतात, "काय रे, तू दिलेला पोरगा कसा आहे कामाला?"

मागणाऱ्याने 'कुठेही चालेल' म्हटलं की हे सगळं त्या बिचाऱ्याच्या गळ्यात पडतं. सगळ्या जागा त्याने चाळायच्या, तुमचा रेझ्युमे वाचून कोणती जुळते ते त्याने ठरवायचं, तुम्ही तिला योग्य का याचं कारणही त्यानेच शोधायचं. बहुतेक जण "बघतो" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. त्यांना मदत करायची नसते असं नाही, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. अंबडच्या एका मशीनिंग शॉपमध्ये सहा वर्षं क्वालिटी बघणारी एक मुलगी. डिप्लोमाच्या वर्गातली तिची मैत्रीण सातपूरच्या मोठ्या कंपनीत. हिने अगदी वरच्या मेसेजबरहुकूम केलं. पहिल्या दिवशी "हाय, कशी आहेस, किती दिवसांनी!", दुसऱ्या दिवशी गॅदरिंगचा जुना फोटो, तिसऱ्या दिवशी रेझ्युमे आणि "काही असेल तर बघ ना गं". फोटोवर मैत्रिणीने भरभरून उत्तर दिलं होतं. रेझ्युमे आल्यावर नुसता अंगठा.

मला विचाराल तर तो अंगठा रेझ्युमेसाठी नव्हता, आधीच्या दोन दिवसांसाठी होता. गप्पा खऱ्या होत्या असं तिला वाटलं होतं आणि तिसऱ्या दिवशी कळलं की त्या कामासाठी होत्या. इतक्या वर्षांनी कामासाठी मेसेज करणं यात काहीच गैर नाही, सगळेच करतात. काम आहे हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं की समोरच्याला फसवल्यासारखं वाटत नाही, आणि गप्पा मारायच्या असतील तर नंतर मारता येतातच.

पण अंगठ्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते नाशिकचंच आहे. हिचं शॉप मैत्रिणीच्या कंपनीला पार्ट पुरवतं. अंबड-सातपूरला हे नेहमीचंच आहे: मोठ्या कंपनीच्या भोवती लहान शॉप, आणि एकमेकांच्या क्वालिटीवाल्यांचे नंबर एकमेकांच्या फोनमध्ये. बऱ्याच कंपन्यांत व्हेंडरकडची माणसं घेण्यावर लेखी किंवा तोंडी बंधन असतं, निदान आधी परचेसला विचारावं लागतं. मैत्रीण स्वतः व्हेंडर ऑडिटला जात असेल तर तिने त्याच व्हेंडरचा माणूस सुचवणं हा हितसंबंधाचा प्रश्न होतो आणि कंपनीत तो जाहीर करावा लागतो. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून कोण समजावणार? त्यापेक्षा अंगठा बरा. वर हिच्या मालकाच्या कानावर गोष्ट जायची भीती आहे ती वेगळीच.

महिनाभराने हिने पुन्हा मेसेज केला. तो मला दाखवला होता, आणि तिला विचारूनच इथे देते:

"अगं, मागच्या वेळी मी नुसताच रेझ्युमे टाकला, तुला काय करायचं तेच सांगितलं नाही. आज नीट सांगते. तुमच्या साइटवर सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा आहे, लिंक आणि जॉब आयडी खाली देतेय. मी सहा वर्षं मशीनिंगची क्वालिटी बघते, नवीन पार्टची पीपॅपची फाइल आणि कस्टमर ऑडिट माझ्याकडेच असतात. या जागेसाठी मी अजून कुठूनही अप्लाय केलेलं नाही. आमची कंपनी तुमची व्हेंडर आहे, त्यामुळे तुमच्याकडे काही नियम असेल किंवा तुला अवघड वाटत असेल तर खुशाल नाही म्हण. जागा २० तारखेपर्यंत आहे. १५ पर्यंत तुझं काही आलं नाही तर मी साइटवरून सरळ भरून टाकेन, तू मनाला लावून घेऊ नकोस."

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. रोज आठवण करण्याची गरजच त्याने संपते. मैत्रीण गप्प राहिली तर तो नकार आहे हे आधीच ठरलंय, त्यामुळे तिला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही आणि हिला निळ्या टिकांकडे बघत बसावं लागत नाही. तारीख मात्र खरी हवी आणि ती पाळायला हवी. १५ नंतर "काय झालं गं?" विचारलं की सगळं पाण्यात. आणि ज्या जागेला शेवटची तारीखच नाही तिथे? आठवडा-दहा दिवसांनी एकदाच विचारायचं, नंतर नाही. कितीतरी प्लांटमध्ये शॉप फ्लोअरवर मोबाइल बंद असतो, मेसेज बघितला जातो शिफ्ट सुटल्यावर, बसमध्ये, अर्ध्या झोपेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला "??" तिथे फार झोंबतो. आणि बॅचच्या ग्रुपवर टॅग करून विचारणं तर अजिबात नको. चाळीस जणांसमोर नकार देण्याची वेळ तुम्ही त्याच्यावर आणता.

बोनसचं थोडक्यात. मिळतो, पण उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकल्यावर, तोही ठरावीक जागांसाठी. भरती करणारे आम्ही लोक आणि ज्याच्या हाताखाली जागा आहे तो मॅनेजर यांना सहसा नाहीच. पण आकड्याचा प्रश्न बाजूला ठेवू. "तुलाही पैसे मिळतील की" असं म्हटलं की ज्याने मैत्रीखातर केलं असतं त्यालाही कसंतरी होतं.

आता ज्या सल्ल्याने सरळसरळ नुकसान होतं तो: स्वतःही अप्लाय करून ठेवण्याचा. आमच्या सिस्टिममध्ये उमेदवार ईमेल आणि मोबाइलवरून ओळखला जातो. तुमचं नाव साइटवरून किंवा एखाद्या कन्सल्टन्सीमार्फत आधीच आत आलं असेल, तर मागाहून दिलेला रेफरल अनेक ठिकाणी धरलाच जात नाही. अशी आधीची नोंद किती काळ आड येते ते कंपनीनुसार बदलतं, कुठे काही महिने, कुठे वर्षभर. तुम्हाला काहीच कळत नाही. मैत्रिणीला मात्र "हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे" असं पोर्टल सांगतं आणि तिला वाटतं, मग मला कशाला त्रास दिला? म्हणून आधी विचारायचं, नकार आला किंवा तारीख उलटली की मग भरायचं. आधीच भरलं असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. काही कंपन्यांत आलेल्या अर्जालाही आतला माणूस शिफारस जोडू शकतो, तेव्हा काही बिघडलेलं नसतं. कन्सल्टन्सीला रेझ्युमे देतानाही कोणत्या कंपनीत पाठवताय ते विचारून ठेवा. त्या पन्नास ठिकाणी पाठवून मोकळ्या होतात.

उदाहरणातल्या मैत्रिणीने दोन दिवसांनी उत्तर दिलं. त्या व्हेंडरकडे ऑडिटला ती स्वतः जात नव्हती, परचेसला विचारलं तर त्यांची हरकत नव्हती. पण "पोर्टल विचारतंय एकत्र काम केलंय का, काय लिहू?" असं तिने विचारलं. इथे लोक घाईत "लिही ना हो म्हणून" म्हणतात. ते करू नये, कारण मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं आणि तोंडघशी दोघी पडतात. हिने चार वाक्यं लिहून दिली: डिप्लोमाला एका वर्गात होतो, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट एकत्र केलं, नोकरीत एकत्र काम केलेलं नाही, सध्याच्या कामाबद्दल तिने दिलेली माहिती अशी अशी. मैत्रिणीने ती जशीच्या तशी टाकली. आम्हा भरतीवाल्यांना अशी नोंद आवडते. अमुक माणूस फार हुशार आणि मेहनती आहे, हे तर प्रत्येकच रेफरलवर लिहिलेलं असतं, त्यावरून आम्ही काही ठरवत नाही. प्रोजेक्ट एकत्र केलं हे वाचून त्याबद्दल निदान एक प्रश्न विचारता येतो.

रेफरलने एवढंच होतं की रेझ्युमे ढिगातून वर येतो आणि कोणीतरी तो खरंच उघडून बघतं. पुढचं तुमचं तुम्ही. हिला मुलाखतीला बोलावलं, निवड झाली नाही. त्यांना दुसऱ्यांच्या शॉपचं ऑडिट स्वतः केलेला माणूस हवा होता, आणि ही आतापर्यंत ऑडिट देणाऱ्या बाजूला होती. त्याच संध्याकाळी तिने हे मैत्रिणीला कळवलं, कारणासकट. हे फार कमी जण करतात. मग मैत्रिणीला ती गोष्ट आमच्याकडून किंवा त्या साहेबांकडून कळते आणि तिला उगाच ओशाळायला होतं. निवड होऊनही ऑफर नाकारायची असेल तर आधी रेफर करणाऱ्याला सांगावं, मग एचआरला.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यात चांगले चांगले रेफरल अडकतात. मैत्रिणीने पोर्टलवर नाव टाकल्यावर बऱ्याच ठिकाणी तुम्हाला एक मेल येते आणि तिच्यातल्या लिंकवरून अर्ज तुम्हीच पुरा करायचा असतो. ती स्पॅममध्ये जाते, लिंकला मुदत असते, आणि इकडे तुम्ही "रेफर केलंय म्हणाली होती, काहीच झालं नाही" म्हणत बसता. मैत्रिणीने "टाकलं गं" असं कळवलं की त्याच रात्री स्पॅम उघडून बघा. दोन दिवसांत मेल दिसली नाही, तर मात्र तिला विचारायला हरकत नाही: ईमेल आयडी कोणता टाकला होतास?