पावडर न बदलण्याच्या आरोपावर आमचं उत्तर

रिव्ह्यू: "मी इथे काम केलंय, म्हणून सांगतो. आग विझवायच्या सिलिंडरमधली पावडर बदलत नाहीत, नुसतं स्टिकर बदलतात आणि रिफिलचे पैसे लावतात. काटा हिरव्यात आहे म्हणून गिऱ्हाईकाला गप्प करतात. माझा हिशेबही अजून दिलेला नाही."

नमस्कार. नोकरीच्या अनुभवावर माजी कर्मचाऱ्याने रिव्ह्यू टाकणं गूगलच्या नियमांत बसत नाही. तक्रार करून हा मजकूर काढायची मागणी आम्हाला करता आली असती. ती केलेली नाही, कारण यातला मुख्य आरोप लोकांच्या जिवाशी संबंधित आहे आणि त्याचं उत्तर आमच्या प्रत्येक ग्राहकाला मिळायला हवं.

आमच्याकडे दोन वेगळी कामं होतात. वार्षिक तपासणीत दाब, वजन, नळी, पिन आणि सील पाहतो. त्यात टाकी उघडत नाही, पावडर तीच राहते आणि नव्या तारखेचं स्टिकर लागतं. रिफिलमध्ये दाब सोडून व्हॉल्व्ह काढतो, जुनी पावडर बाहेर घेतो, टाकी आतून कोरडी आणि गंजमुक्त आहे का ते बघतो, मोजून नवी पावडर भरतो, वॉशर बदलतो आणि नायट्रोजनचा दाब देतो. स्टिकर दोन्ही वेळा बदलतं. म्हणून आधी बिल बघा. त्यावर 'तपासणी' की 'रिफिल' हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि दोन्हींचे दर वेगळे आहेत.

काट्याबद्दल लिहिणाऱ्याचा मुद्दा रास्त आहे. हिरव्या पट्ट्यातला काटा फक्त आतला दाब सांगतो. पावडर ओल धरून गठ्ठा झाली असली तरी काटा हिरव्यातच राहतो, आणि ऐन वेळी नळीतून नुसता वायू निघून जातो. काटा दाखवून कुणी रिफिल झाल्याचं सांगत असेल, मग ते आमचे लोक का असेनात, तर ते मान्य करू नका.

त्याऐवजी सिलिंडरचा गळा बघा. रिफिल करताना आम्ही टाकी आणि व्हॉल्व्हच्या मध्ये प्लॅस्टिकची कडी बसवतो, तिच्यावर महिना आणि वर्ष टोचलेलं असतं. कडीचं भोक व्हॉल्व्हपेक्षा लहान आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण काढल्याशिवाय ती आत जाऊच शकत नाही. बिलावर रिफिल आहे आणि गळ्यात कडी नाही, किंवा तारीख जुळत नाही, असं दिसलं तर लगेच फोटो पाठवा.

अर्थात कडीने टाकी उघडली होती एवढंच सिद्ध होतं. जुनीच पावडर परत भरली नाही, हे तिच्यावरून कळत नाही. ते कळतं खरेदीच्या हिशेबातून. सहा किलोचे दहा सिलिंडर रिफिल झाले म्हणजे साठ किलो पावडर लागली. तेवढी विकत घेतलेलीच नसेल तर रिफिल खोटं. आमच्या प्रत्येक जॉब कार्डावर पावडरचा बॅच नंबर असतो आणि तो पुरवठादाराच्या बिलाशी जुळवता येतो. ही कागदपत्रं कोणत्याही ग्राहकाने किंवा त्याने नेमलेल्या तज्ज्ञाने दुकानात येऊन तपासावीत.

हा रिव्ह्यू वाचून एका सोसायटीच्या सचिवांनी फोन केला. जिन्यातला कोणता सिलिंडर उघडायचा तो त्यांनी स्वतः निवडला. त्यांच्यासमोर व्हॉल्व्ह काढून पावडर स्वच्छ ताडपत्रीवर ओतली. गाठी नव्हत्या, वजन भरलं, कार्डावरचा बॅच नंबर खरेदीच्या बिलावर सापडला. उघडलेला सिलिंडर तसाच परत लावता येत नाही, म्हणून तो नव्याने भरून दिला आणि तोवर तिथे आमचा दुसरा सिलिंडर ठेवला. खर्च आमचा. अशी तपासणी तुम्हालाही मागता येईल. आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या कोणाकडून उघडून घ्या आणि जे निघेल ते कळवा.

आता हिशेबाबद्दल, हे थेट लिहिणाऱ्यासाठी. कुणाचा पगार, रजा किंवा नोकरी सोडण्याचं कारण आम्ही इथे मांडणार नाही. ती माहिती तुमची आहे, चारचौघांत उघड करायचा आम्हाला अधिकार नाही. येणं बाकी आहे असं वाटत असेल तर लेखी कळवा, हजेरी आणि पगारपत्रक समोर ठेवून बोलू. कामगार खात्याकडे जायचा तुमचा हक्क आहेच. आणि निघणारी रक्कम देताना रिव्ह्यू काढायची अट घालणार नाही. पैसे हा तुमचा हक्क आहे, त्याची सांगड तुमच्या मताशी घातली जाणार नाही. पावडर न बदललेल्या एखाद्या कामाची तारीख किंवा जागा आठवत असेल तर तीही सांगा, तो सिलिंडर आधी उघडू.

आमच्या हितचिंतकांना विनंती: लिहिणारा कोण याचे तर्क करू नका, त्याला फोन किंवा मेसेज करू नका, आणि हे झाकण्यासाठी पाच तारे देऊ नका. ज्यांनी आमच्याकडून रिफिल करून घेतलंय त्यांनी गळ्यातली कडी आणि बिल यांचा एकत्र फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवावा, त्या कामाचं जॉब कार्ड आम्ही परत पाठवू.